तळ्याकाठचे चार मृत्यू आणि एक आश्चर्य

साशंक: यक्षानं विचारलेल्या प्रश्नांपैकी लोकांना एकच नक्की आठवतो. जगातलं सर्वांत मोठं आश्चर्य कोणतं? युधिष्ठिराचं उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. रोज प्राणी यमाच्या घरी जात आहेत, आणि मागे उरलेले मात्र आपण कायमचे इथेच राहावं अशी इच्छा धरतात. याहून मोठं आश्चर्य ते काय! प्रवचनात हे येतं, शोकसभेत येतं. माझी पहिली हरकत अशी की भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा श्लोक मुख्य पाठात नाहीच. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित केलेलं आरण्यकपर्व १९४२ साली पूर्ण झालं. निरनिराळ्या लिप्यांतली, निरनिराळ्या प्रांतांतली हस्तलिखितं ताडून जो मजकूर सगळ्या शाखांचा म्हणून टिकत नाही, तो त्यांनी मुख्य पाठाबाहेर ठेवला. सुखी कोण, आश्चर्य काय, वाट कोणती आणि जगाची वार्ता काय, हे चारही प्रश्न त्यात बाहेर गेले. आपल्या ओळखीचा पाठ आहे तो सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेबरोबर रूढ झालेला. हे घराणं मूळचं कोपरगावचं, टीका लिहिली गेली काशीत. तेव्हा ज्या श्लोकासाठी आपण यक्षाचं तळं लक्षात ठेवतो, तो त्या तळ्यावर उशिरा आलेला पाहुणा आहे. मग त्याला महाभारताचं मर्म वगैरे का म्हणायचं?

रसिक: सुकथनकरांचा निवाडा मला मान्य आहे. पण श्लोक उशिरा आला एवढ्यानं तो उपरा ठरत नाही. कुणीतरी ही कथा ऐकली किंवा लिहून काढली, आणि त्याला वाटलं की इथे हा प्रश्न यायलाच हवा होता. असं का वाटलं असेल, याचा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि तो शोध घ्यायला प्रश्नोत्तरं सुरू होण्याच्या आधीचा भाग वाचावा लागतो. तो बहुतेक लोक भरभर उलटतात.

साशंक: तिकडे जाण्याआधी मला प्रश्नांबद्दलच बोलायचं आहे, कारण तिथेही घोळ आहे. यक्ष विचारतो: एकटा फिरतो तो कोण? जन्मून पुन्हा जन्मतो तो कोण? थंडीवर औषध काय? पेरणीसाठी सर्वांत मोठं पात्र कोणतं? उत्तरं: सूर्य, चंद्र, अग्नी, भूमी. हे प्रश्न आणि ही उत्तरं शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, तेविसाव्या अध्यायात, जवळजवळ जशीच्या तशी आहेत. अश्वमेधात ऋत्विज एकमेकांना कोडी घालत, त्याला ब्रह्मोद्य म्हणत. विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक, देणाऱ्यालाही. शोध घ्यायचा नसतो, पाठ म्हणून दाखवायचा असतो. मग यक्षाची परीक्षा कसली? पृथ्वीहून जड काय तर माता, आकाशाहून उंच काय तर पिता, वाऱ्याहून वेगवान मन, गवताहून जास्त संख्येनं चिंता. झोपला तरी डोळे मिटत नाही तो मासा, जन्मूनही हलत नाही ते अंडं, हृदय नाही तो दगड, वेगानं वाढते ती नदी. छान आहेत; पण हा ज्ञानसाठा आहे. राजपुत्राला गुरूनं शिकवलेलं त्यानं म्हणून दाखवलं.

रसिक: ब्रह्मोद्याचा धागा खरा आहे, आणि तो कथाकारानं लपवलेलाही नाही. पण यज्ञमंडपात चुकलं तर फार तर अपमान होतो. त्याच परंपरेत जरा पुढे या. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत शाकल्याला याज्ञवल्क्य प्रश्न विचारतो, उत्तर आलं नाही आणि शाकल्याचं मस्तक गळून पडलं. म्हणजे प्रश्नाला जिवाची किंमत लावण्याची कल्पना आधीपासून होती. महाभारतकारानं त्यात एक बदल केला आणि तो फार मोठा आहे. इथे चुकीचं उत्तर देणारा कुणीच मरत नाही. चौघेही मरतात ते प्रश्न ऐकून घेतलाच नाही म्हणून. तेव्हा परीक्षा काय माहीत आहे याची नाही. थांबता येतं का, याची आहे.

साशंक: तहानेनं घसा कोरडा पडलेल्या माणसाला थांब म्हणणं ही कसली परीक्षा?

रसिक: क्रम पाहू या, कारण सगळं क्रमात आहे. द्वैतवनात एका ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे अग्निहोत्राचा अग्नी ज्या लाकडांच्या घर्षणातून काढतात ती, झाडाला अडकवलेल्या होत्या. एक हरिण अंग घासायला आलं, अरणी शिंगात अडकल्या, हरिण पळालं. पाची भाऊ मागे धावले. हरिण दिसेनासं झालं आणि दमलेले भाऊ एका वडाखाली बसले. नकुलानं झाडावर चढून पाहिलं: पाण्याकाठी वाढणारी झाडं दिसली, सारसांचा आवाज आला. युधिष्ठिरानं त्याला पाणी आणायला पाठवलं. तो तळ्यापाशी पोचला आणि आकाशातून वाणी झाली: बाळा, साहस करू नकोस, हे माझं आहे, माझ्या प्रश्नांची उत्तरं दे आणि मग पी. त्यानं न जुमानता पाणी प्यायलं आणि पडला. मग सहदेव गेला. आता नीट बघा: सहदेवाला नकुल मेलेला दिसतो. तो शोक करतो. तीच वाणी त्यालाही ऐकू येते. तो पितो आणि पडतो. अर्जुन येतो, त्याला दोघं मेलेले दिसतात. तो धनुष्य सज्ज करतो, कुणी दिसत नाही, वाणी ऐकताच समोर ये म्हणतो, आवाजाच्या रोखानं बाणांचा पाऊस पाडतो. वाणी म्हणते, या खटपटीचा काय उपयोग, उत्तरं दे आणि पी. तो पितो आणि पडतो. भीम येतो, त्याला तिघं दिसतात. भीमाच्या मनात येतं: हे यक्षराक्षसांचं काम असणार, आज मला नक्की लढावं लागणार, तर आधी पाणी पिऊन घेऊ. आणि तोही पडतो.

साशंक: भीमाचा विचार त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

रसिक: फक्त स्वभावाला धरून नाही. भीमाच्या पायाशी तीन प्रेतं आहेत, तिन्ही त्याच्या सख्ख्या-सावत्र भावांची, तिन्ही याच पाण्याच्या काठावर. आणि तो पुढच्या लढाईचा बेत करतो आहे. आपण लढायला जिवंत असू, हे त्यानं धरूनच ठेवलं आहे. तुम्ही ज्या श्लोकाला उशिरा आलेला पाहुणा म्हणता तो याच घटनेचं वर्णन आहे. रोज प्राणी जात आहेत: नकुल, सहदेव, अर्जुन. मागे उरलेला राहण्याची इच्छा धरतो: भीम. एकाच दुपारी, एकाच काठावर हे तीनदा घडलं. दुसऱ्याचं मरण समोर पडलेलं असताना तिघांपैकी एकालाही ते आपल्याला लागू वाटलं नाही. ज्यानं कुणी तो श्लोक इथे घातला त्यानं बाहेरचं सुभाषित आणून चिकटवलेलं नाही. या कथेचा तो सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक होता.

साशंक: हे वाचन मला आवडलं, पण त्यात एक खोट आहे. युधिष्ठिर काय करतो ते तुम्ही सांगितलं नाहीत. तो येतो, चौघांना पाहून विलाप करतो. मग तपास करतो: शस्त्राचे घाव नाहीत, दुसऱ्या कुणाच्या पाऊलखुणा नाहीत. दुर्योधनानं पाण्यात विष घातलं असेल का? पण चेहऱ्यांचा रंग बदललेला नाही, तेव्हा विषही नाही. इतकं सगळं तर्कानं पारखून तो काय करतो? तळ्यात उतरतो. तोही. चार प्रेतं मागे टाकून तोही पाण्यात शिरतो. वाणी त्याला तिथे अडवते. मी बगळा आहे, शेवाळ आणि मासे खाणारा, तुझ्या भावांना मीच मारलं, तू पाचवा होशील. म्हणजे आश्चर्याची व्याख्या सांगणारा माणूस स्वतः त्या आश्चर्यात गुडघाभर उभा होता. फरक एवढाच की तो थांबला. आणि त्याचं थांबणं मृत्यूच्या जाणिवेतून आलं असं मजकूर म्हणत नाही. तो म्हणतो, हिमवान, पारियात्र, विंध्य, मलय अशा चार पर्वतांसारख्या माझ्या भावांना पाडणारा तू पक्षी नाहीस, कोण देव आहेस ते सांग. तो चकित झाला म्हणून थांबला.

रसिक: आणि दुसऱ्याच्या मालकीचं आहे ते मला नको, असंही म्हणाला. पण तुमचा मुद्दा मी घेतो, आणि मला वाटतं त्यानं श्लोकाचं वजन वाढतं. तो उपदेश करणाऱ्याचा श्लोक राहत नाही. उरलेले म्हणताना तो स्वतःला वगळू शकत नाही, कारण त्या क्षणी पाचातला एकच उरलेला आहे. त्या जोडीचे बाकीचे प्रश्नही असेच आहेत. सुखी कोण? जो दिवसाच्या पाचव्या-सहाव्या भागात का होईना, आपल्या घरी भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि जो परदेशी नाही. हे सांगणारा बारा वर्षं वनवासात आहे, घर नाही, राज्य पणात गेलेलं. वार्ता काय? मोठ्या मोहाच्या कढईत, सूर्याच्या अग्नीवर, दिवसरात्रीचं सरपण घालून, महिने आणि ऋतूंच्या पळीनं ढवळत काळ प्राण्यांना शिजवतो आहे. एका उत्तरात माणूस आपल्या घरी भाजी शिजवतो, दुसऱ्यात काळ माणसाला शिजवतो. ही उत्तरं पाठांतरातून आली असं म्हणणं मला तरी कठीण जातं.

साशंक: मग श्लोकातल्या विचारालाच हात घालू. मरण विसरून जगणं हे आश्चर्य का मानायचं? बी पेरणारा शेतकरी कापणीला आपण असू असं धरूनच पेरतो. आई मुलाला शिकवते ती त्याचं सारं पुढचं आयुष्य धरून. ही इच्छा काढून टाकली तर काहीच उभं राहणार नाही, महाभारतही लिहिलं जाणार नाही. मृत्यू सतत डोळ्यांपुढे ठेवणारा माणूस शहाणा असतो असा माझा अनुभव नाही. बहुतेक वेळा तो कुणाच्या उपयोगी पडत नाही. तेव्हा या उत्तरात मला एक वैराग्याचा ताठा दिसतो. जगणाऱ्यांकडे वरून बघणं दिसतं.

रसिक: वरून बघणं काळाच्या कढईत आहे, हे मी मान्य करीन. तिथे बोलणारा कुठे उभा आहे ते कळतच नाही. आश्चर्याच्या उत्तरात तसं नाही. तिथे दोष दिलेला नाही, हे मूढ आहेत असं म्हटलेलं नाही, मृत्यूचं स्मरण करा असा आदेश नाही. प्रश्न आश्चर्य काय असा होता, पाप काय असा नव्हता. तुमच्या शेतकऱ्यानं पेरावंच. आश्चर्य यात आहे की तो आदल्याच दिवशी शेजाऱ्याच्या मर्तिकाला जाऊन आलेला असतो, ते दुःख खरं असतं, आणि तरीही दोन गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी, एकमेकींना न शिवता राहतात. सहदेवानं भावासाठी केलेला शोक खोटा नव्हता. शोकानं त्याला शहाणं केलं नाही, इतकंच.

साशंक: हे चांगलं सांगितलंत. पण मग या ज्ञानाचा उपयोग काय? शोकानं शहाणपण येत नाही आणि श्लोकानंही येत नाही. म्हणूनच मला प्रश्नोत्तरांपेक्षा शेवटची गोष्ट मोठी वाटते. सगळी उत्तरं झाल्यावर यक्ष म्हणतो, एक भाऊ जिवंत होईल, कोण हवा? आणि युधिष्ठिर नकुल म्हणतो. यक्षाला नवल वाटतं: हत्तींचं बळ असलेला भीम सोडून, ज्याच्या बाहूंवर तुम्हा सगळ्यांची भिस्त तो अर्जुन सोडून, सावत्र नकुल? युधिष्ठिर म्हणतो, आनृशंस्य हा परम धर्म. दुष्टपणा न करणं, दुसऱ्याच्या जिवाची कणव ठेवणं. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. मला दोघी माता सारख्याच. इथे पाठांतर चालत नाही. यजुर्वेदात याचं उत्तर नाही. आणि कथेचा गाभा हाच आहे याला माझ्याकडे दोन पुरावे आहेत.

पहिला बौद्ध जातकातला. पाली जातकसंग्रहातली सहावी कथा, देवधम्म जातक. तिथेही तळं आहे, तळ्यावर कुबेरानं नेमलेला जलराक्षस आहे, तिथेही वनात आलेले राजपुत्र आहेत. धाकटा सावत्र भाऊ सूर्यकुमार पाण्याला जातो, मग चंद्रकुमार जातो, आणि देवधर्म म्हणजे काय या प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे राक्षस दोघांना धरून ठेवतो. थोरला, बोधिसत्त्व, बरोबर उत्तर देतो. राक्षस म्हणतो, एक भाऊ माग. तो सावत्र सूर्याला मागतो. तिथे प्रश्न एकच आहे. आश्चर्य नाही, मासा नाही, अंडं नाही. पण तळं आहे, भाऊ आहेत, सावत्र भावाची निवड आहे. म्हणजे कोडी कमीजास्त होऊ शकतात, बदलू शकतात. निवड हलत नाही.

दुसरा पुरावा महाभारतातलाच. महाप्रस्थानिक पर्वात, स्वर्गाच्या दारात, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून रथात चढायला नाही म्हणतो. कुत्रा धर्माच्या रूपात प्रकट होतो आणि जुन्या परीक्षेची आठवण काढतो: पूर्वी द्वैतवनात, पाण्यासाठी तुझे भाऊ पडले होते तेव्हा, भीम आणि अर्जुन या दोघा सख्ख्या भावांना सोडून, मातांना समान मानून तू नकुलाचा जीव मागितलास. एवढंच. खुद्द परीक्षकाला आपले प्रश्न आठवत नाहीत. सूर्य आठवत नाही, चिंता आठवत नाही, आश्चर्य तर नाहीच. त्याला नकुल आठवतो.

रसिक: या पुराव्यापुढे मला बराच वेळ थांबावं लागेल. धर्माच्या आठवणीत फक्त नकुल आहे, हे खरंच आहे. पण दोन्ही कथांतली निवड एक नाही, हे आधी सांगतो. जातकात बोधिसत्त्व सावत्र भावाला मागताना कारण देतो की याच्यामुळे आम्ही वनात आलो. याला राक्षसानं खाल्लं असं जाऊन सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, निंदा होईल. त्यात न्यायबुद्धी आहे, लोकापवादाची भीतीही आहे. युधिष्ठिराला कुणाच्या निंदेची भीती नाही. माद्री तर केव्हाच पंडूबरोबर चितेवर गेली आहे. तिला मुलगा उरला काय आणि नाही काय, जाब विचारणारं कुणी नाही. मेलेल्या बाईचा वाटा तो राखतो आहे.

आणि आता त्या निवडीची किंमत मोजा. बारावं वर्ष संपत आलं आहे. पुढे अज्ञातवास, त्यानंतर बहुधा युद्ध. अर्जुनाशिवाय, भीमाशिवाय ते राज्य परत मिळण्याची आशा नाही. आपलं काही टिकावं, आपला पक्ष उभा राहावा, आपण पुढेही असावं ही इच्छा ज्याच्या मनावर स्वार आहे तो अर्जुन मागेल. श्लोकात उरलेल्यांची जी स्थिर राहण्याची इच्छा सांगितली आहे, ती या एका क्षणी युधिष्ठिरानं हातातून सोडली. मेलेल्यांचा हिशेब त्यानं जिवंतांच्या भविष्याच्या वर ठेवला. म्हणून मला तो श्लोक आणि नकुलाचं नाव एकमेकांजवळ असणं योग्य वाटतं. एकात आपण सगळे काय करतो ते सांगितलं आहे, दुसऱ्यात एका माणसानं ते केलं नाही ते दाखवलं आहे.

साशंक: इथे मी तुमच्याबरोबर निम्मी वाट येतो. पण मला हे जुळणं जरा जास्तच नेटकं वाटतं. कथा पुढे काय करते? यक्ष प्रसन्न होऊन चौघांनाही उठवतो. आपण धर्म आहोत, तुझा पिता, हरणाच्या रूपात अरणी मीच नेल्या, असं सांगतो. युधिष्ठिर वर मागतो: ब्राह्मणाचं अग्निहोत्र लोपू नये, तेराव्या वर्षी आम्हाला कुणी ओळखू नये, माझं मन लोभ, मोह, क्रोध यांना जिंकून दान, तप आणि सत्य यांत राहावं. मधला वर पाहा. त्यात टिकून राहण्याची व्यवस्थाच आहे. अर्जुन परत मिळाला, भीम परत मिळाला, लपण्याची हमी मिळाली. सोडलेली इच्छा व्याजासकट परत आली. आणि त्याहून मोठी अडचण: रोज प्राणी यमाकडे जातात हे सत्य ज्या काठावर उच्चारलं गेलं, तिथेच चार जण यमाकडून परत आले. उत्तर बरोबर दिल्याचं बक्षीस म्हणून ते उत्तरच खोटं ठरवण्यात आलं.

रसिक: खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या युद्धात अठरा दिवसांत काय झालं ते कवीला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. हे चौघे महाप्रस्थानाच्या वाटेवर पुन्हा पडणार आहेत, द्रौपदी पडल्यावर आधी सहदेव, मग नकुल, मग अर्जुन, मग भीम; आणि तेव्हा युधिष्ठिर मागे वळून न बघता चालत राहणार आहे. तळ्याकाठी मृत्यूला मुदत मिळाली, इतकंच.

साशंक: ती मुदत त्या चौघांनी कशी वापरली, हा माझा खरा प्रश्न आहे. आश्चर्याचं उत्तर दिलं गेलं तेव्हा ते काठावर मरून पडले होते. त्यांनी ते ऐकलंच नाही. उठल्यावर त्यांची भूकतहान नाहीशी झाली, सुखानं झोपून उठल्यासारखे ते दिसले, आश्रमात जाऊन ब्राह्मणाला अरणी दिल्या. आपण मेलो होतो यावर कवी त्यांच्या तोंडी एक वाक्यही घालत नाही. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव होता त्यांच्याकडे शब्द नाहीत, आणि ज्याच्याकडे शब्द होते त्याला तो अनुभव नव्हता. श्लोक नंतर घालणाऱ्यालाही ही फट दिसली असणार. मग त्यानं तो युधिष्ठिराच्याच तोंडी का घातला, उठलेल्या भीमाच्या का नाही?

रसिक: कदाचित उठलेल्या माणसाला ते आश्चर्य वाटलं नसतं म्हणून. भीम उठल्यावर पुन्हा पुढच्या लढाईचाच विचार करणार. आश्चर्य वाटायला काठावर उभं राहून मोजणारा कुणी तरी लागतो: एक गेला, दोन गेले, चार गेले, आणि मी पाण्यात पाय घातलाच होता.

साशंक: मग तो मोजणारा तरी बदलला का? राज्य परत मिळाल्यावर, भीष्म शरशय्येवर असताना, त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. धर्म म्हणजे काय, शोक कसा आवरायचा. शांतिपर्व त्याच्याच प्रश्नांनी भरलं आहे. यक्षाला इतकी नेमकी उत्तरं देणाऱ्या माणसाला युद्धानंतर ती पुरली नाहीत. तुमच्या वाचनात याला जागा कुठे आहे, ते मला अजून दिसत नाही.

रसिक: मलाही पुरती दिसत नाही. इतकं दिसतं की तळ्याकाठी त्याच्यासमोर पडलेल्यांना त्यानं मारलं नव्हतं, आणि कुरुक्षेत्रावर पडलेल्यांना त्याच्या बाजूनं मारलं होतं. यक्षानं विचारलेल्या प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता.